४०० बॉक्सची ऑर्डर आलीय, भाव किती सांगू आणि ॲडव्हान्स किती मागू?

प्रश्न: "मी घरून गिफ्ट बॉक्स बनवते, एकावेळी ५-१० जातात. आता एका लग्नासाठी ४०० बॉक्सची विचारणा आलीय, ६ आठवडे हातात आहेत, बॉक्सवर नवरा-नवरीचं नाव छापून हवंय. ते म्हणतायत एवढी मोठी ऑर्डर आहे तर ३० टक्के कमी करा आणि थोडा ॲडव्हान्स घ्या, बाकी लग्न झाल्यावर देतो. भाव किती सांगू, ॲडव्हान्स किती मागू?"

ताई, ३० टक्के कमी करू नका आणि लग्नानंतर पैसे हे तर अजिबात मान्य करू नका. ॲडव्हान्स ५० टक्के, पण दोन हप्त्यांत, आणि शेवटचा पैसा माल हलायच्या आधी. आता हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण समोरचा घासाघीस करायला लागला की फक्त आकडा पाठ असून भागत नाही, तो कशावर उभा आहे ते आपल्याला माहीत पाहिजे. मी १४ वर्षं हेच काम करतोय, बॉक्स, हँपर, मधली काही वर्षं केटरिंगपण केलं, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या ऑर्डरींत बऱ्यापैकी हात पोळलेत.

हिशोब सोपा जावा म्हणून तुमच्या एका बॉक्सची नेहमीची किंमत १०० धरतो. तुमचा खरा भाव काय असेल तो असो, त्या प्रमाणात बसवून घ्या. समजा सुट्या विक्रीत माल ४५ चा लागतो, मेहनत आणि पोचवणं १५, म्हणजे हातात ४० राहतात.

आता ४०० चा विचार करताना सगळे काय करतात, तर म्हणतात होलसेलने माल घेतला की आतल्या वस्तू ३१ ला पडतील, छापील बॉक्स ७ ला, मेहनत १२, झाले ५०. मग ७० ला दिला तरी एका बॉक्समागे २० सुटतात, ४०० गुणिले २० म्हणजे ८०००, चांगलंय की! आणि तिथेच हो म्हणून मोकळे होतात. हा हिशोब एका बॉक्सचा आहे, ऑर्डरचा नाही. एकदाच होणाऱ्या ऑर्डरीत असे खर्च असतात जे एका बॉक्समध्ये दिसतच नाहीत, म्हणून आधी पूर्ण ऑर्डरीचा हिशोब करायचा आणि मग शेवटी ४०० ने भागायचं.

करून बघू. ४०० द्यायचे तर आतला माल ४१२ चा घ्यायचा, कारण फुटतं, तडा जातो, एखादं झाकण बसत नाही, आणि शेवटच्या दिवशी ४ नग कमी पडले तर त्या ४ साठी होलसेलवाला दार उघडत नाही. ३ टक्के जास्त हे मी कमीत कमी धरतो, काचेच्या वस्तू असतील तर ५. म्हणजे ४१२ गुणिले ३१, १२७७२. छापील बॉक्स ७ ला एक खरा, पण प्रिंटिंगवाला बहुतेकदा ५०० च्या खाली हात लावत नाही, मग ५०० चे पैसे, ३५००. उरलेल्या बॉक्सवर त्या दोघांचं नाव आहे, ते दुसऱ्या कुणाला विकता येणार नाहीत, म्हणून त्यांचे पैसे याच ऑर्डरीत वसूल व्हायला पाहिजेत.

मग मेहनत. स्टॉपवॉच लावून एक बॉक्स भरून बघा, पेपर कापणं, वस्तू पुसणं, रिबिन, कार्ड, सगळं धरून. समजा १२ मिनिटं आली. ४०० ला ८० तास झाले. पण मदतीला येणाऱ्या मुली पहिल्या दिवशी तुमच्या वेगाने करणार नाहीत, शिवाय काही बॉक्स परत उघडावे लागतात, म्हणून १५ टक्के वर, ९२ तास. तासाला ६० धरले तर ५५२०. यात स्वतःचे तासपण धरायचे बरं का, "मी तर घरचीच" असं म्हणून सोडून द्यायचे नाहीत, कारण तुम्ही आजारी पडलात तर त्या तासांना पैसे देऊनच माणूस आणावा लागणार आहे.

सॅम्पल आणि डिझाइनचे ७००, मोठे खोके आणि गाडी १३००. आणि एक खर्च कुणीच धरत नाही, तो म्हणजे बंद पडलेली रोजची विक्री. पॅकिंगचे दोन आठवडे घरात पाय ठेवायला जागा नसणार, नेहमीच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागणार. आठवड्याला २५ बॉक्स जात असतील आणि एकामागे ४० सुटत असतील तर दोन आठवड्यांचे २००० गेले. हा पैसा खिशातून जाताना दिसत नाही पण जातोच.

सगळी बेरीज २५७९२. त्यावर ५ टक्के अनपेक्षित गोष्टींसाठी, म्हणजे साधारण १२९०, एकूण २७०८२. याला ४०० ने भागलं तर एक बॉक्स ६७.७ ला पडतो, आणि यात अजून एक पैसा नफा नाहीये! आता परत त्या ७० कडे बघा. ७० ला दिला तर ४०० बॉक्सचे २८०००, म्हणजे सहा आठवडे डोक्यावर टेन्शन घेऊन शेवटी ९१८ उरले. जे ८००० वाटत होते ते ९१८ निघाले.

नफा लावताना एक चूक फार जण करतात. विक्रीवर २० टक्के सुटायला हवेत तर खर्चात २० टक्के मिळवून भागत नाही, खर्चाला ०.८ ने भागावं लागतं. २७०८२ भागिले ०.८ म्हणजे ३३८५२, एका बॉक्सला ८४.६, आपण ८५ म्हणू. एकूण ३४०००. म्हणजे तुमच्या नेहमीच्या भावापेक्षा १५ टक्के कमी, आणि ही खरी सूट आहे, तुम्हाला होलसेलमध्ये जे वाचलं त्यातला वाटा तुम्ही त्यांना दिलाय. ८५ च्या खाली फक्त भाव म्हणून येऊ नका.

मग ते म्हणतील बजेट ८० च आहे. अशा वेळी त्याच वस्तूचा भाव कमी करायचा नाही, वस्तू बदलायची. छापील बॉक्सऐवजी साधा बॉक्स आणि त्यावर नावाचं स्टिकर केलं तर साधे बॉक्स ४१२ च घ्यावे लागतात, ५०० नाही, स्टिकर धरूनही हजार-अकराशे वाचतात, भाव ८१-८२ पर्यंत येतो. गाडी त्यांनी पाठवली तर अजून थोडा. शिवाय साध्या बॉक्सचा दुसरा मोठा फायदा आहे, ऑर्डर फिसकटली तरी ते बॉक्स तुम्ही वापरू शकता. पण वस्तू तीच ठेवून भाव पाडला की समोरच्याला वाटतं आधी जास्तच सांगितला होता, आणि मग पुढच्या प्रत्येक गोष्टीत तो ओढून बघतो.

अजून एक, हे जरूर करा. भाव एकाच आकड्याचा देऊ नका. कारण ४०० म्हणून भाव ठरतो, लग्न जवळ येतं तशी यादी कापली जाते आणि मग "२५० च करा, भाव ठरलाय तोच ना?" असा फोन येतो. २५० चा हिशोब असाच केला तर छपाईचे ३५०० तेवढेच, सॅम्पल-डिझाइन तेवढंच, माल थोडा महाग (३२ ने धरला), आणि शेवटी आकडा येतो २४०००, म्हणजे एक बॉक्स ९६ ला. १५० बॉक्स कमी झाले पण एकूण रकमेतून फक्त १०००० कमी झाले, कारण बराच खर्च नगांवर नसतोच. हे त्यांना नंतर समजावत बसलात तर भांडण होतं, आधीच कोटेशनमध्ये लिहिलं असेल तर कुणी काही बोलत नाही. ४०० ला ८५, ३०० ला ९२, २५० ला ९६, असं तीन ओळींत. आणि सॅम्पल पास झाल्यावर संख्या कमी करता येणार नाही, वाढवायची तर माल मिळाला तरच आणि वेगळ्या भावाने, हेही.

आता ॲडव्हान्स. माझं तुम्हाला मुख्य सांगणं हेच आहे. ॲडव्हान्सचा टक्का रिवाज म्हणून ठरवायचा नसतो, कुणी २५ म्हणतं कुणी ५०. कागद घ्या आणि तारखेप्रमाणे लिहा की कुठल्या दिवसापर्यंत तुमचे किती पैसे असे गेलेले असतील जे परत येणार नाहीत. आणि त्या प्रत्येक दिवशी गिऱ्हाइकाचे जमा झालेले पैसे त्यापेक्षा जास्त असले पाहिजेत. बस, एवढाच नियम.

तुमच्या ऑर्डरला लावून बघू. पहिल्या आठवड्यात सॅम्पल-डिझाइनचे ७०० गेले. सॅम्पल पास झालं की साधारण ७ व्या दिवशी छपाईचे ३५०० पूर्ण भरावे लागतात, आणि आतल्या मालाचे निम्मे, ६३८६. आतापर्यंत १०५८६ गेले. २० व्या दिवशी माल आला की उरलेले ६३८६, म्हणजे १६९७२. मग दोन आठवडे पॅकिंग, ५५२०, झाले २२४९२. शेवटी गाडी-खोके, २३७९२.

आता समजा तुम्ही "थोडा ॲडव्हान्स" म्हणून ३० टक्के घेतले, १०२००. सातव्याच दिवशी तुम्ही खिशातले घालायला लागलात, आणि २० व्या दिवशी ६७७२ तुमचे स्वतःचे अडकलेत. त्या दिवशी लग्न पुढे ढकललं, किंवा त्यांना दुसरीकडे काहीतरी आवडलं, तर तुमच्या हातात नाव छापलेले ५०० बॉक्स आणि कर्ज. ओळखीची माणसं असली तरी हेच होतं, वाईट माणसंच असं करतात असं नाही, घरात काही अघटित झालं तर बॉक्सवाल्याचे पैसे ही त्यांची शेवटची काळजी असते.

म्हणून मी असे हप्ते पाडतो. तारीख बुक करताना १० टक्के, ३४००. यात सॅम्पल आणि डिझाइन निघतं आणि समोरचा खरंच घेणार आहे की पाच जणांकडून भाव काढतोय तेही कळतं. सॅम्पल पास झाल्यावर, छपाईला द्यायच्या आधी, ४० टक्के, १३६००. एकूण जमा १७०००, आणि सगळ्या मालाचा खर्च १६९७२. बघा बरोबर भागतंय, ५० टक्के मी म्हणतो ते म्हणूनच. तिसरा हप्ता ३० टक्के पॅकिंग सुरू होताना, १०२००. आणि शेवटचे २० टक्के, ६८००, माल गाडीत चढायच्या आधी. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवायचा, कारण त्यात तुमचा नफा आहे, खर्च सगळा आधीच निघालेला असतो, आणि त्यांनाही भरवसा राहतो की माल बघूनच शेवटचे पैसे द्यायचेत.

पैसे आले म्हणजे खात्यात जमा झाले, हे पक्कं धरा. पेमेंट केल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून छपाईला देऊ नका, चेक हातात आला म्हणूनही नाही, वटल्यावरच. हप्ता दोन दिवस उशिरा आला तर छपाई दोन दिवस उशिरा जाईल आणि माल दोन दिवस उशिरा मिळेल, ही ओळ कोटेशनमध्येच लिहायची. लिहिलेली असली की हप्त्यासाठी मागे लागावं लागत नाही, ते स्वतःच विचारतात "आज भरायचेत ना?"

शेवटचे पैसे आधी का, ते माझ्यावर गुदरलेलं सांगतो. माझी तिसरी मोठी ऑर्डर होती, ३०० हँपर. ६० टक्के आलेले होते, बाकी ४० माल घेताना द्यायचे ठरलं होतं, पण तोंडी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो आला, सोबत घरातला एक मुलगा. मी पैशांचं विचारलं तर म्हणाला ते मोठ्यांकडे आहेत, ते हॉलवर आहेत, तुम्ही आता भरून द्या, उद्या सकाळी देतो. मी काय करणार होतो, लग्नाच्या आदल्या रात्री कुणाचा माल अडवायचा? मनच होत नाही. ३०० हँपर चढवले. सकाळी कुणी फोन उचलला नाही, साहजिकच होतं, घरात लग्न. नंतर आठवडाभराने म्हणाले काही डब्यांची झाकणं दबलेली होती, किती विचारलं तर सांगता येईना, मोजून घेतलेच नव्हते ना कुणी! चार महिन्यांनी पैसे आले, तेही कापून. त्या चार महिन्यांत होलसेलवाल्याचं व्याज मी भरलं. त्यांना फसवायचं होतं असं मला आजही वाटत नाही, पण लग्न होऊन गेलं की त्या मालाची गरज संपलेली असते आणि पैसे द्यायची घाईसुद्धा.

तेव्हापासून माल मी कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी तयार ठेवतो, आदल्या दिवशी नाही. त्यांना बोलावतो, कुठलेही १० बॉक्स ते उघडून बघतात, खोके मोजतात, एका कागदावर "४०० नग मिळाले, तपासले" अशी सही. शेवटचा हप्ता तिथेच, गाडी नंतर. तीन दिवस आधी असल्यामुळे कुणालाच आदल्या रात्रीची घाई नसते आणि तुम्हालाही नाही म्हणता येतं.

रद्द झाल्यास काय, हेसुद्धा त्याच हप्त्यांवर बसवा. बुकिंगचे १० टक्के परत नाहीत. छपाईला गेल्यानंतर ५० टक्के परत नाहीत. पॅकिंग सुरू झाल्यावर ८० टक्के परत नाहीत, आणि तयार झालेला माल त्यांनी न्यावा. असं का, तर तेवढे खर्च झालेले असतात, आणि विचारलं तर तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. सरसकट "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" असं लिहिलंत तर लोक बिचकतात, टप्प्याने लिहिलं तर पटतं. तारीख पुढे गेली तर? छापलेली तारीख नसेल तर मी एकदा बदलून देतो, जागा अडकते त्याचे थोडे पैसे घेतो. म्हणून बॉक्सवर फक्त नावं छापा, तारीख छापू नका असं सुचवून बघा, दोघांच्याही सोयीचं आहे.

कोटेशन लांबलचक नको, व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी चालेल पण लेखी आणि त्यांचा "मान्य" असा रिप्लाय पाहिजे. मी साधारण असं लिहितो:

"४०० गिफ्ट बॉक्स, सॅम्पलप्रमाणे. दर ८५, एकूण ३४०००, कर वेगळा. ३०० नगांना दर ९२, २५० ला ९६. हा भाव १० दिवसांसाठी. बुकिंग १०%, सॅम्पल पास झाल्यावर छपाईआधी ४०%, पॅकिंग सुरू होताना ३०%, माल तपासून गाडीत चढवण्याआधी २०%. हप्ता जमा झाल्यावरच पुढचं काम सुरू होईल. सॅम्पल पास झाल्यावर संख्या कमी होणार नाही आणि छापायच्या नावात बदल होणार नाही. रद्द केल्यास बुकिंगनंतर १०%, छपाईनंतर ५०%, पॅकिंगनंतर ८०% परत मिळणार नाहीत. माल कार्यक्रमाच्या ३ दिवस आधी, मोजून आणि सही करून."

१० दिवसांची मुदत मनाने टाकलेली नाही, तुमच्या होलसेलवाल्याने तुम्हाला जेवढे दिवस भाव धरून ठेवलाय तेवढेच दिवस तुम्ही धरायचा. आणि छापायची नावं त्यांच्याकडून टाइप करून घ्या, तुम्ही ऐकून लिहू नका. एका वेलांटीपायी ५०० बॉक्स गेलेले मी पाहिलेत.

खाली कुणी केटरिंगचं विचारणार म्हणून तेही थोडक्यात. नियम तोच, पण पैसे जायच्या तारखा वेगळ्या. केटरिंगमध्ये किराणा-भाजी शेवटच्या चार-पाच दिवसांतच येते, त्याआधी तुमचं नुकसान एकच, त्या तारखेला दुसरी ऑर्डर नाकारलेली असते. म्हणून तिथे बुकिंगच मोठं घ्यायचं, २५ टक्क्यांच्या आसपास, आणि किराणा भरायच्या आधी, म्हणजे ७ दिवस आधी एकूण ८०-९० टक्के जमा पाहिजेत. आणि पानांची संख्या दोन आकड्यांत लिहायची, ठरलेली किमान संख्या आणि प्रत्यक्ष. किमान ३५० ठरली आणि ३१० जेवले तरी ३५० चे पैसे, ३८० जेवले तर वरच्या ३० चे वेगळे, ताटं मोजून, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस उभा करून. लग्नानंतर घ्यायचे पैसे फक्त त्या ३० पानांचे.

तुमचे लोक ४० टक्क्यांच्या हप्त्याला अडले तर एक मधला मार्ग आहे, मी दोनदा वापरलाय. छपाईचं आणि मालाचं बिल त्यांनी थेट होलसेलवाल्याला भरायचं, तुम्ही फक्त पॅकिंग, देखरेख आणि तुमचा नफा एवढ्याचंच कोटेशन द्यायचं, त्यातले निम्मे आधी. त्यात तुमचे पैसे अडकत नाहीत. मात्र ४१२ चा माल त्यांच्याच पैशाने येतो, तेव्हा उरलेल्या वस्तू मोजून परत द्यायच्या, आणि माल खराब निघाला तर बदलून कोण आणणार ते आधी ठरवून घ्या.